प्लेटलेटचा आकडा येतो कुठून?

पावसाळा सरत आला की लॅबच्या खिडकीशी एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, सकाळी तिकडे प्लेटलेट २२ हजार आल्या, संध्याकाळी तुमच्याकडे १८ हजार. कमी झाल्या का? की कुणाचं तरी चुकलं?" विचारणाऱ्याच्या हातात दोन कागद असतात, वॉर्डात मुलाला डेंग्यू झालेला असतो आणि रात्रभर झोप झालेली नसते. "मशीनमध्ये थोडा फरक येतोच," एवढं सांगून त्याला परत पाठवणं मला कधीच पटलं नाही. फरक का येतो, किती आला तर चालतो आणि किती आला की आम्हीच सावध व्हायचं, हे त्याला कळायला हवं. त्यासाठी आधी रक्त त्या पांढऱ्या डब्यात शिरल्यावर काय होतं ते पाहू.

१. मोजायचं तर आधी पातळ करायचं

टाचणीच्या डोक्याएवढं, म्हणजे एक घन मिलिमीटर रक्त डोळ्यांसमोर आणा. रिपोर्टवर जो मायक्रोलीटर लिहिलेला असतो, तो हाच. निरोगी माणसाच्या एवढ्याशा रक्तात सुमारे ५० लाख तांबड्या पेशी, अडीच लाख प्लेटलेट आणि सात हजार पांढऱ्या पेशी असतात. ही गर्दी जशीच्या तशी मोजता येत नाही. जत्रेतली माणसं मोजायची असतील तर त्यांना एकेक करून दारातून सोडावं लागतं, आणि त्याआधी गर्दी पांगवावी लागते.

म्हणून मशीन रक्त पातळ करतं. पाणी चालत नाही, कारण साध्या पाण्यात तांबड्या पेशी फुगून फुटतात. रक्ताइतकाच खारटपणा असलेलं द्रावण लागतं. तांबड्या पेशी आणि प्लेटलेट यांच्यासाठी रक्त हजारो पटींनी पातळ होतं. नेमकं प्रमाण मशीनगणिक वेगळं असतं. आपण हिशोबाला सोपं जावं म्हणून ५० हजार पट धरू. म्हणजे पातळ केलेल्या द्रावणाच्या दर मायक्रोलीटरला तांबड्या पेशी उरल्या १०० आणि प्लेटलेट फक्त ५.

हे ५ लक्षात ठेवा. त्या बापाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

२. एक भोक आणि दोन तारा

१९४० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोतल्या एका घराच्या तळघरात वॉलेस कूल्टर नावाचा माणूस खटपट करत होता. त्या काळी पेशी मोजायच्या म्हणजे खोदलेल्या चौकटींच्या काचेवर रक्त पसरायचं, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि बसायचं. कूल्टरने वेगळीच वाट धरली. सिगारेटच्या पाकिटावरचा पारदर्शक कागद घेऊन त्याने तापल्या सुईने त्याला बारीक भोक पाडलं, असं सांगतात. भोकाच्या दोन्ही बाजूंना खारट द्रावण, दोन्हीकडे एकेक तार आणि त्यांच्यामधून वाहणारी वीज. ऑक्टोबर १९५३ मध्ये त्याला अमेरिकेत या कल्पनेचं पेटंट मिळालं, आणि आज तालुक्याच्या लॅबमधलं छोटं मशीनसुद्धा याच कल्पनेवर चालतं.

कल्पना अशी. खारट पाण्यातून वीज सहज वाहते. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात जायला तिला त्या भोकाशिवाय दुसरी वाट नाही. जिवंत पेशीभोवती मात्र तेलकट पडदा असतो आणि त्यातून ही वीज जवळपास जातच नाही. पेशी भोकातून पलीकडे खेचली जाते तेव्हा ती क्षणभर तिथलं खारट पाणी बाजूला सारते. तेवढी वाट अडते आणि विजेला होणारा अडथळा वाढतो. पेशी पलीकडे गेली की सगळं पूर्ववत. या क्षणिक अडथळ्याची मशीनच्या आत एक उंच टोकदार रेघ उमटते. तिला आम्ही पल्स म्हणतो. एक पेशी, एक पल्स. पल्स मोजल्या की पेशी मोजल्या.

गावातल्या चिंचोळ्या बोळातून वारा वाहतो आहे असं समजा. बोळातून एखादं पोर पळत गेलं तर वारा फारसा अडत नाही. डोक्यावर गवताचा भारा घेतलेला माणूस गेला तर चांगलाच अडतो. वारा किती अडला यावरून, न पाहताही, कोण गेलं ते ओळखता येईल. इथेही तसंच. पेशीने जेवढं पाणी सारलं तेवढी पल्स उंच. म्हणजे पल्सची उंची पेशीचं आकारमान सांगते. कूल्टरची खरी करामत इथे होती. त्याच्या यंत्राला पेशी मोजता येत होत्याच, शिवाय प्रत्येक पेशी केवढी आहे हेही कळत होतं.

हे आकारमान फेमटोलीटरमध्ये सांगतात. एक फेमटोलीटर म्हणजे एक घन मायक्रॉन, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी बाजू असलेला ठोकळा. तांबडी पेशी साधारण ८० ते १०० फेमटोलीटरची असते. रिपोर्टवर एमसीव्ही म्हणून येतो तो याच पल्सच्या उंचीतून काढलेला सरासरी आकडा. प्लेटलेट तिच्या तुलनेत चिमुकली, साधारण दहा फेमटोलीटरची.

डेंग्यूत डॉक्टर ज्या हिमॅटोक्रिटवर नजर ठेवून असतात, तोही बहुतेक मशीन वेगळा मोजत नाहीत. तांबड्या पेशींची संख्या गुणिले त्यांचं सरासरी आकारमान, असा तो हिशोब असतो. ४५ लाख पेशी आणि प्रत्येकी ८० फेमटोलीटर म्हणजे ३६ टक्के. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून बाहेर गेलं की हा आकडा चढतो. डेंग्यूतला मोठा धोका या झिरपण्यात असतो, आणि घरच्यांचं सगळं लक्ष मात्र प्लेटलेटच्या ओळीवर खिळलेलं असतं.

३. अठरा आणि बावीस

आता त्या दोन कागदांकडे येऊ. पातळ केलेल्या द्रावणापैकी समजा २०० मायक्रोलीटर भोकातून खेचले गेले. निरोगी माणसाच्या तांबड्या पेशींच्या २० हजार पल्स मिळाल्या आणि प्लेटलेटच्या हजार. डेंग्यूच्या रुग्णात मात्र रक्तातल्या प्लेटलेटच २० हजारांवर आलेल्या. पातळ केल्यावर दर मायक्रोलीटरला अर्धीसुद्धा नाही, ०.४. आणि २०० मायक्रोलीटरमध्ये? फक्त ८०.

म्हणजे मुलाच्या प्लेटलेटचा निकाल मशीनने प्रत्यक्ष पाहिलेल्या ८० कणांवर उभा आहे. तेच रक्त, तीच बाटली, तेच मशीन, पण दुसऱ्यांदा खेचलं की ८० च येतील असं नाही. ७१ येतील, ८८ येतील. पोत्यातून मूठभर धान्य काढून त्यातले खडे मोजले तर प्रत्येक मुठीत सारखे येत नाहीत, तसंच हे. अशा मोजणीत नुसत्या योगायोगाने किती हेलकावा येतो याचा एक साधा नियम आहे. जेवढे कण मोजले त्या संख्येचं वर्गमूळ काढायचं. ८० चं वर्गमूळ सुमारे ९. त्याच्या दुप्पट म्हणजे १८ इकडे-तिकडे होणं अगदी स्वाभाविक. ६२ पासून ९८ पर्यंत काहीही. रक्ताच्या भाषेत १५,५०० पासून २४,५०० पर्यंत.

सकाळचे २२ आणि संध्याकाळचे १८ हे दोन्ही या पट्ट्यात बसतात. प्लेटलेट कमी झाल्या असं त्यावरून म्हणता येत नाही आणि कुणाचं चुकलं असंही म्हणता येत नाही. मोठी मशीन जास्त कण मोजतात, त्यामुळे त्यांचा पट्टा अरुंद असतो, पण तो शून्य कधीच होत नाही. शिवाय दोन लॅब म्हणजे दोन मशीन, दोन वेळा टोचलेली सुई, रक्त घेतल्यापासून मोजेपर्यंत गेलेला वेगवेगळा वेळ. निरोगी माणसाच्या हजार कणांत हेच वर्गमूळ ३२ येतं, जेमतेम तीन टक्के. म्हणून अडीच लाखांचा आकडा स्थिर वाटतो आणि वीस हजारांचा डळमळतो. ज्या वेळी आकड्याची सर्वांत जास्त गरज असते, नेमका त्याच वेळी तो सर्वांत कच्चा असतो.

४. कुंपण कुठे घालायचं?

तांबड्या पेशी आणि प्लेटलेट एकाच द्रावणातून, एकाच भोकातून जातात. मग ही प्लेटलेट आणि ही तांबडी पेशी, हे मशीन कसं ठरवतं? फक्त पल्सच्या उंचीवरून. जुन्या ठोकताळ्याप्रमाणे २ ते २० फेमटोलीटरमध्ये आली ती प्लेटलेट, आणि ३६ च्या वर गेली ती तांबडी पेशी. मशीन सगळ्या पल्स उंचीप्रमाणे मांडून आलेख काढतं. डावीकडे प्लेटलेटची छोटी टेकडी, उजवीकडे तांबड्या पेशींचा मोठा डोंगर आणि मध्ये दरी. कुंपण त्या दरीत घालायचं.

दरी नीट असली तर काम सोपं. पण लोहाच्या तीव्र कमतरतेत किंवा थॅलसेमियात तांबड्या पेशी लहान होतात आणि डोंगराचा पायथा डावीकडे सरकत दरीत उतरतो. सर्वांत लहान तांबड्या पेशी, त्यांचे तुकडे, हे सगळं प्लेटलेटच्या खात्यात जमा होऊ लागतं आणि प्लेटलेट खोट्या वाढतात. उलट काही आजारांत प्लेटलेटच मोठमोठ्या असतात. त्या कुंपण ओलांडून तांबड्या पेशींत जातात आणि ४५ लाखांच्या गर्दीत हरवतात. तेव्हा प्लेटलेट खोट्या कमी दिसतात. चांगली मशीन दरीप्रमाणे कुंपण सरकवतात आणि दरी सापडली नाही तर आकड्यापुढे खूण करतात. केवळ आकारावरून ओळख पटवायची म्हटल्यावर ही अडचण राहणारच. बारका माणूस आणि थोराड पोर अंधारात सारखेच भासतात.

५. पांढऱ्या पेशी: आधी गर्दी हटवा, मग उजेड टाका

एका पांढऱ्या पेशीमागे सातशे तांबड्या. तेव्हा पांढऱ्या मोजायच्या तर आधी तांबड्या घालवाव्या लागतात. मशीन रक्ताचा दुसरा भाग घेतं, तो कमी पातळ करतं आणि त्यात तांबड्या पेशी फोडणारं रसायन सोडतं. त्यांच्यातलं हिमोग्लोबिन बाहेर पडतं, आणि बऱ्याच मशीनमध्ये ते इथेच रंगावरून मोजून घेतात. उरतात पांढऱ्या पेशी.

साध्या मशीनमध्ये त्याही भोकातूनच जातात. पण ते रसायन पांढऱ्या पेशींनाही सोडत नाही. त्यांच्या पडद्याला छिद्रं पडतात, आतला रस झिरपतो आणि पेशी आपल्या केंद्रकाभोवती, आतल्या दाण्यांभोवती आक्रसते. आत फारसं काही नसलेली लिम्फोसाइट लहानशी होते. दाण्यांनी भरलेली न्यूट्रोफिल तेवढी आक्रसत नाही, ती मोठी राहते. मोनोसाइट, इओसिनोफिल आणि बेसोफिल बहुतांशी मधल्या भागात येतात, आणि त्यांना एकमेकांपासून वेगळं करणं मशीनला जमत नाही. म्हणून अशा मशीनच्या रिपोर्टवर तीनच गट असतात आणि मधल्याला मिश्र म्हणतात. ॲलर्जी किंवा जंत यांच्या शंकेने इओसिनोफिल पाहायच्या असतील तर हा रिपोर्ट पुरत नाही. स्लाइड पाहावी लागते किंवा दुसरं मशीन लागतं.

ते दुसरं मशीन उजेडावर चालतं. बंद खोलीत कौलाच्या फटीतून कवडसा आला की त्यात तरंगणारे धुळीचे कण चमकताना आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. कण एरवीही तिथेच असतात, उजेड अंगावर पडला की दिसतात. मशीनमध्ये कवडसा लेसरचा असतो. पेशींची बारीक धार मधोमध आणि तिच्याभोवती स्वच्छ द्रावणाचं वेगाने वाहणारं वेष्टण, अशी रचना असते. त्या वेष्टणाच्या दाबाने पेशी एकामागे एक, ओळीने, लेसरसमोरून जातात.

पेशीवर पडलेला उजेड विखुरतो. जवळजवळ सरळ पुढे, किंचित वळून गेलेला उजेड मुख्यतः पेशीचा आकार सांगतो. काटकोनात बाजूला उडालेला उजेड पेशीच्या आत काय भरलंय ते सांगतो. पाण्याने भरलेला काचेचा गोळा आणि साबुदाण्याने भरलेला काचेचा गोळा उन्हात धरा. पहिल्यातून ऊन बरंचसं पार जातं, दुसऱ्यातून चहूकडे फेकलं जातं. लिम्फोसाइट पहिल्यासारखी, न्यूट्रोफिल दुसऱ्यासारखी. इओसिनोफिलचे दाणे आणखी विशेष आहेत. त्यांच्यावर आपटून आलेल्या उजेडाच्या कंपनांची दिशाच बदलते, आणि काही मशीन याच खुणेवरून त्यांना वेचून काढतात. दुसऱ्या काही मशीनमध्ये पेशींतल्या केंद्रकाम्लांना चिकटणारा आणि लेसरखाली चमकणारा रंग घालतात. मग आकार, दाणे आणि चमक अशा तीन साक्षी मिळतात.

प्रत्येक पेशीसाठी पडद्यावर एक ठिपका पडतो. आडव्या अक्षावर एक साक्ष, उभ्यावर दुसरी. हजारो ठिपके पडले की त्यांचे पुंजके दिसू लागतात. त्या पुंजक्यांच्या हद्दी ठरवून मशीन टक्केवारी छापतं. अशाच उजेडाने आणि रंगाने काही मशीन प्लेटलेटही मोजतात, आणि तिथे तांबड्या पेशीचा तुकडा प्लेटलेट म्हणून खपत नाही. कुंपणाची अडचण बरीचशी मिटते.

एक अडचण मात्र उजेडानेही मिटत नाही.

६. हरवलेल्या पावणेदोन लाख प्लेटलेट

चौतिशीतली एक बाई. पित्ताशयाच्या ठरलेल्या ऑपरेशनआधीची तपासणी. ताप नाही, हिरड्यांतून रक्त नाही, अंगावर डाग नाहीत. रिपोर्ट आला: प्लेटलेट ३४ हजार. पांढऱ्या पेशी १३,८००. ऑपरेशन पुढे ढकललं आणि घरात रडारड सुरू झाली. रक्त पुन्हा तपासायला आमच्याकडे आलं.

आमच्या मशीनवरही आकडा तसाच आला, पण शेजारी PLT Clumps? अशी खूण उमटली. आलेख पाहिला. प्लेटलेटची टेकडी उजवीकडे उतरून तळाला टेकायला हवी होती, ती करवतीच्या दात्यांसारखी तरंगत राहिली होती. पांढऱ्या पेशींच्या आलेखात अगदी डावीकडे, जिथे रिकामं असायला हवं, तिथे उंचवटा होता. दोन्ही खुणा एकाच दिशेने बोट दाखवत होत्या.

आधी काडीने ट्यूबमध्ये गुठळी आहे का ते पाहिलं. नव्हती. मग स्लाइड केली. रक्त पसरताना जिथे पिसासारखं विरत जातं, त्या टोकाला प्लेटलेटचे घोसच्या घोस अडकलेले होते. एका घोसात वीस, तीस, पन्नास.

कारण त्या बाईत नव्हतं, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये होतं. रक्त गोठू नये म्हणून त्या ट्यूबमध्ये ईडीटीए नावाचं रसायन असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं. त्याने प्लेटलेटच्या पृष्ठभागाचं रूप किंचित पालटतं, आणि काही मोजक्या माणसांच्या रक्तात नेमक्या त्या पालटलेल्या रूपाला चिकटणारी प्रतिद्रव्यं असतात. ती प्लेटलेटना एकमेकींशी जोडतात. शरीरात हे घडत नाही, ट्यूबमध्ये घडतं, आणि वेळ जाईल तसं वाढत जातं.

भोकातून घोस गेला की पल्स एकच उठते. लेसरसमोरून गेला तरी कण एकच. उजेडाने मिटत नाही ती अडचण ही. ३६ प्लेटलेटचा घोस म्हणजे सुमारे ३६० फेमटोलीटर, अगदी पांढऱ्या पेशीएवढा. तांबड्या पेशी फोडणारं रसायन त्याला मोडत नाही, म्हणून तो पांढऱ्यांच्या खात्यात मोजला जातो.

निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये, म्हणजे सायट्रेटमध्ये, पुन्हा रक्त घेतलं आणि लगेच मशीनवर लावलं. प्लेटलेट १,९२,०००. या ट्यूबमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग द्रावण असतं, म्हणजे रक्त आधीच थोडं पातळ झालेलं. ते भरून काढायला १.१ ने गुणायचं: २,११,२००. पांढऱ्या पेशी ८,१००, गुणून ८,९१०. आता वजाबाकी करून पाहा. प्लेटलेट हरवल्या होत्या १,७७,२०० आणि पांढऱ्या पेशी खोट्या वाढल्या होत्या ४,८९०. भागाकार केला तर दर घोसाला सरासरी ३६ येतात. हा हिशोब ढोबळ आहे, कारण काही घोस फार लहान असतात आणि काही मोजणीतूनच निसटतात. पण हरवलेल्या प्लेटलेट कुठे जाऊन बसल्या होत्या ते त्यातून लख्ख दिसतं. सायट्रेटमध्येही काहींच्या प्लेटलेट चिकटतात, म्हणून त्याही ट्यूबची स्लाइड पाहिली. ती स्वच्छ होती.

ऑपरेशन झालं. तिच्या कागदांवर आम्ही ठळक लिहून दिलं की हिच्या प्लेटलेट ईडीटीएमध्ये चिकटतात, पुढच्या वेळी सायट्रेटमध्ये मोजा. ही नोंद नसेल तर पुढच्या प्रत्येक तपासणीत तीच भीती नव्याने उभी राहते.

७. खिडकीशी उभ्या असलेल्यांसाठी

प्लेटलेट अचानक फार कमी आल्या आणि माणूस मात्र ठणठणीत असेल, तर लॅबला एवढंच विचारा: "स्लाइड पाहिली का? घोस होते का?" हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे आणि उत्तर द्यायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. डेंग्यूचा रुग्ण असेल तर रोजचं रक्त शक्यतो एकाच लॅबमध्ये, एकाच मशीनवर द्या, आणि १८ की २२ यावर रात्र जागवू नका. लघवी कमी झाली आहे का, पोट दुखतंय का, उलट्या थांबत नाहीत का, कुठून रक्त येतंय का, हिमॅटोक्रिट चढतोय का, हे डॉक्टरांना विचारा आणि सांगा. मशीनने पाहिलेल्या त्या ८० कणांपेक्षा या उत्तरांवर मुलाचे उपचार जास्त ठरतात.